२७.९ चे २२.५ कसे झाले: एका कॅन्टिलिव्हर प्लेटची हातोडी-चाचणी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लहान फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी डिझाइनचं काम बघतो आणि नोकरी सांभाळून एम.टेक. करतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक तक्रार आली. टॉवेलच्या मागांवर बसवलेली आमची पत्र्याची ब्रॅकेट चार-सहा महिन्यांत मुळाशी तडकत होती. ब्रॅकेट म्हणजे एका बाजूने बोल्टने पकडलेली प्लेट, बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या आणि टोकाला एक कंट्रोल बॉक्स. थोडक्यात, कॅन्टिलिव्हर प्लेट.

मी गाइड मॅडमना म्हटलं की हाच विषय घेतो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साध्या, रिकाम्या प्लेटची नैसर्गिक वारंवारता तुला बरोबर काढता येते का? आधी तेवढं दाखव." नैसर्गिक वारंवारता म्हणजे ठोका दिल्यावर प्लेट आपणहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा, हर्ट्झमध्ये. मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. हे तर थर्ड इयरचं गणित. दोन दिवसांत उरकेल असं धरून चाललो होतो. पाच आठवडे गेले.

आता प्लेटबद्दल. ३ मिमी जाडीचा काळा एमएस पत्रा, १५० मिमी रुंद, पकडीबाहेर आलेली लांबी ३०० मिमी. पकडीत ८० मिमी. लांबी रुंदीच्या दुप्पट मुद्दामच ठेवली होती, कारण या प्रमाणाची कोष्टकं सर्रास मिळतात. कॅन्टिलिव्हर पट्टीला (बीमला) नेमकं सूत्र आहे, कॅन्टिलिव्हर प्लेटला नाही. तिन्ही मोकळ्या कडांच्या अटी एकाच वेळी पाळणारं बंद सूत्र निघत नाही, म्हणून वॉल्टर रिट्झने १९०९ मध्ये दाखवलेल्या वाटेने अंदाजी उत्तरं काढतात. ती एका λ नावाच्या आकड्यात बांधून ठेवलेली असतात:

```
f = (λ / (2π L²)) · √( D / (ρ h) )
D = E h³ / (12 (1 − ν²))
```

लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर पहिल्या चार λ साधारण ३.४४, १४.८, २१.४४ आणि ४८.२. सूत्रात L म्हणजे लांबी, h जाडी, ρ घनता, E साहित्याचा ताठरपणा आणि ν पॉयसनचं गुणोत्तर. स्टीलसाठी E २०० गिगापास्कल, घनता ७८५० किलो प्रति घनमीटर आणि ν ०.३ धरला की माझ्या प्लेटचे आकडे आले २७.९, ११९.९, १७३.७ आणि ३९०.५ हर्ट्झ. सॉफ्टवेअरमध्ये जाळी पाडून तेच सोडवलं, तर दशांशाच्या फरकाने तेच आले. मी खूश. मॅडम म्हणाल्या, "दोन्हीकडे तूच ३ मिमी टाकलास आणि दोन्हीकडे तूच पक्की पकड धरलीस. मग वेगळं येणार कुठून?"

चारही कंपनांची रूपं डोळ्यांसमोर आणायला सोपी आहेत. पहिल्यात सगळी प्लेट तलावात उडी मारायच्या फळीसारखी वर-खाली होते, म्हणजे साधा बाक. दुसऱ्यात एक कड वर जाते तेव्हा दुसरी खाली जाते आणि मधली रेघ जागची हलत नाही. ओला टॉवेल पिळताना होतं तसं, म्हणून आमच्या शॉपमध्ये त्याला 'पीळ' हेच नाव पडलं. तिसऱ्यात पुन्हा बाक, पण टोक वर गेलं की पोट खाली. मुळापासून साधारण २३५ मिमीवर एक आडवी रेघ स्थिर. चौथ्यात पीळ आणि आडवी रेघ दोन्ही. पुढची सगळी गोष्ट पहिल्या तिघांभोवती आहे: बाक, पीळ, बाक.

चाचणीचं सामान कॉलेजातून मिळालं. टोकात बल मोजणारा सेन्सर असलेली हातोडी, चार चॅनलचा डेटा बॉक्स, लॅपटॉप आणि एक अ‍ॅक्सेलरोमीटर. अ‍ॅक्सेलरोमीटर मोटारीच्या बेअरिंगवर लावतात तसला होता, खाली चुंबक. हातोडीने टिचकी मारायची, बल किती आणि प्लेटचं त्वरण किती हे एकदम नोंदायचं, आणि दोघांचं गुणोत्तर वारंवारतेनुसार काढायचं. जिथे उंच शिखर, तिथे नैसर्गिक वारंवारता. मी ० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात ३२०० रेघा घेतल्या, म्हणजे पायरी पाव हर्ट्झची आणि एका ठोक्याची नोंद चार सेकंदांची. मोजलेल्या वारंवारतांत पावाच्या खालचे आकडे मी कुठेच दिलेले नाहीत, ते याच कारणाने.

पकडीसाठी आमच्या जुन्या शेपिंग मशीनच्या बेडवर लोखंडी चॅनलचा तुकडा बोल्ट केला. त्यावर प्लेट, प्लेटवर १२ मिमीचा फ्लॅट, म्हणजे जाड लोखंडी पट्टी, आणि प्लेटच्या दोन्ही कडांबाहेर एकेक बोल्ट. हाताने ओढून पाहिलं, जागचं हललं नाही. चुंबक टोकाच्या मोकळ्या कडेच्या बरोबर मध्यावर चिकटवला, कारण ती जागा दिसायला छान होती. हे कारण मी नंतर मॅडमना सांगितलं नाही.

पहिला दिवस आवाजातच गेला. शेजारच्या गाळ्यात टॉवेलचे माग चालतात. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो, आणि प्रत्येक फेकीला जमिनीला दणका बसतो. सेकंदाला दोन-अडीच दणके, त्यांच्या पटी वरपर्यंत जातात, आणि असे चोवीस माग आपापल्या लयीत. ३० हर्ट्झच्या खाली आलेखात नुसतं गवत उगवलं होतं. कोहेरन्स नावाचा एक आलेख असतो. आलेलं कंपन आपल्या ठोक्यामुळेच आलं का, हे तो ० ते १ मध्ये सांगतो. तिथे तो ०.४ ला लोळत होता. शेवटी शेजारच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "दीड ते सव्वादोन जेवणाची सुट्टी असते, सगळे माग बंद. तेवढ्यात उरका." त्यानंतरची प्रत्येक चाचणी दीड ते सव्वादोन या वेळातच झाली, मी उपाशी.

दुसरा त्रास हाताचा. मोकळ्या टोकाशी ठोका मारला की प्लेट खाली जाते आणि परत वर येऊन हातोडीलाच भिडते. बलाच्या आलेखात एकाऐवजी दोन उंचवटे येतात. दोन ठोक्यांचं बल वारंवारतेत पाहिलं तर सपाट पट्टा दिसण्याऐवजी लाटा दिसतात. बल जिथे खाली गेलंय तिथे भागाकाराला अर्थ उरत नाही. मी वीस ठोके मारले, त्यातले तेरा दुहेरी.

आमचे मिस्त्री मामा डबा खाता खाता बघत होते. "काय ठोकूलालाव ओ मघापासनं?" मी सांगितलं. त्यांनी हात पुसले, हातोडी घेतली, दांडा दोन बोटांत सैल धरला आणि मनगटातून एक टिचकी दिली. एकच उंचवटा. पुन्हा दिली, पुन्हा एकच. तीस वर्षं वेल्ड वाजवून बघणाऱ्या माणसाचा हात तो. ठोका दिला की हातोडी आपोआप मागे येते, दाबून राहत नाही. त्या दिवसापासून ठोके मामांचे आणि लॅपटॉप माझा.

हातोडीचं टोक बदलता येतं. स्टीलचं टोक लावलं तर ठोका इतका टणक बसतो की काही हजार हर्ट्झपर्यंतची कंपनं जागी होतात. ती मला नको होती, आणि त्यांच्यामुळे सेन्सरचं चॅनल भरून कापलं जात होतं. मऊ रबराने ४०० च्या आधीच बल ओसरत होतं. मधलं प्लॅस्टिकचं टोक बरोबर बसलं.

मग पहिला स्वच्छ आलेख आला. २०० हर्ट्झच्या आत मला तीन शिखरं हवी होती: २७.९, ११९.९, १७३.७. मिळाली दोन, २२.५ आणि १४३.

इथे मी जे केलं ते सांगायला हवं, कारण बरेच जण हेच करतात असं मला वाटतं. मी आकडे जुळवायला बसलो. पहिला २७.९ वरून २२.५ ला आणायचा तर E किती हवा? वारंवारता E च्या वर्गमुळाने बदलते, तेव्हा २०० ऐवजी १३०. सॉफ्टवेअरमध्ये १३० टाकला आणि पहिलं शिखर तंतोतंत जुळलं. १४३ ला मी 'तिसरं असेल, थोडं सरकलंय' म्हणून सोडून दिलं. मॅडमनी आलेख बघून विचारलं, "१३० गिगापास्कल? पत्रा घेतलास की बिडाचं झाकण?" मग दुसरा प्रश्न, जो खरा होता: "आणि पीळ कुठे गेला?"

पीळ कुठे गेला ते मामांनाही कळलं असतं. पीळ होताना मधली रेघ हलत नाही, आणि माझा सेन्सर नेमका त्या रेघेवर बसला होता. प्लेट समोर पिळत होती आणि माझा सेन्सर शांत. सेन्सर उचलून कोपऱ्यात ठेवला तर ९५ हर्ट्झला ताडासारखं शिखर उभं राहिलं.

९५! हिशोबात ११९.९. पहिलं शिखर १९ टक्के खाली आणि हे २१ टक्के. आता E वर ढकलायचीही सोय नव्हती. E किंवा घनता चुकली तर सगळ्या वारंवारता एकाच टक्क्याने सरकतात. जाडीचंही तेच, सूत्रात वारंवारता सरळ जाडीच्या प्रमाणात आहे. म्हणजे या तिघांमुळे आकडे बदलतील, पण आकड्यांमधलं गुणोत्तर बदलणार नाही. हिशोबात पिळाचं पहिल्या बाकाशी गुणोत्तर होतं ४.३०. माझं येत होतं ४.२२.

मॅडम म्हणाल्या, "आता वारंवारता बघू नकोस. गुणोत्तर बघ. कोणती चूक कोणाला जास्त ओढते ते आधी कागदावर मांड." पाच आठवड्यांतली सगळ्यात कामाची संध्याकाळ ती. सात रस्त्याजवळ एका टपरीवर चहा घेत वहीत मांडलं.

पहिली चूक म्हणजे जाडी किंवा साहित्य. यात सगळे सारखेच सरकतात.

दुसरी, पकड ढिली. पकड थोडी वाकत असेल तर प्लेटला आपली लांबी ३०० पेक्षा थोडी जास्त वाटते. बाकाची वारंवारता लांबीच्या वर्गाने घटते, पण पिळाची साधारण नुसत्या लांबीने. म्हणजे पकड ढिली असेल तर बाकाचं नुकसान पिळाच्या जवळजवळ दुप्पट होतं, आणि गुणोत्तर वाढतं.

तिसरी, सेन्सरचं वजन. याचं उलट. टोकावर चिकटवलेलं वजन किती जाणवेल हे त्या रूपात प्लेटचं स्वतःचं किती वस्तुमान हलतंय यावर ठरतं. बाकात टोकाच्या हिशोबाने प्लेटच्या वजनाचा चौथा भाग हलतो. पिळात मधला भाग जवळजवळ स्वस्थ असतो, म्हणून कोपऱ्याच्या हिशोबाने साधारण सहावाच. माझी प्लेट पकडीबाहेर १ किलोच्या आसपास. म्हणजे बाकात अडीचशे ग्रॅम, पिळात एकशे सत्तर. कोपऱ्यात ठेवलेलं तेच वजन पिळाला जास्त जड जातं, आणि गुणोत्तर घटतं.

माझं गुणोत्तर घटलं होतं. दुसऱ्या दिवशी सेन्सर चुंबकासकट तराजूवर ठेवला. ६२ ग्रॅम.

६२ ग्रॅम म्हणजे बाकात हलणाऱ्या अडीचशेच्या चौथा भाग, आणि पिळात हलणाऱ्या एकशे सत्तरच्या तिसऱ्या भागाहून जास्त. हिशोब केला तर बाक दहा टक्के आणि पीळ साडेचौदा टक्के खाली यायला हवा. मोटारीच्या बेअरिंग हाउसिंगवर ६२ ग्रॅमने काही फरक पडत नाही, ते वीस-पंचवीस किलोचं असतं. माझ्या पत्र्यावर तो सेन्सर नव्हता, ओझं होतं.

कॉलेजमध्ये दुसऱ्या एका विभागाकडे ४ ग्रॅमचा चिमुकला सेन्सर निघाला. मेणाने चिकटवला. वायरही टेपने प्लेटवर धरून मग खाली सोडली, नाहीतर लोंबती वायर प्लेटला मागे ओढते. त्याच दिवशी मायक्रोमीटर घेऊन पत्र्याची जाडी नऊ ठिकाणी मोजली, जी पहिल्याच दिवशी मोजायला हवी होती. २.८४ ते २.८८ निघाली, सरासरी २.८६. बाजारात '३ मिमी' म्हणून मिळणारा काळा पत्रा असाच असतो. दुकानदाराचा दोष नाही, तेवढी सूट मापात धरलेली असते. पण जाडीत पावणेपाच टक्के कमी म्हणजे सगळ्या वारंवारता पावणेपाच टक्के कमी. नवा हिशोब: २६.६, ११४.३, १६५.६, ३७२.३.

दीड वाजला, माग थांबले, मामांनी ठोके दिले. मिळाले २५.०, १०९.७५, १५६.० आणि ३५६.५.

खूप जवळ आलो होतो आणि इथेच थांबायचा मोह झाला. पण वही उघडून टक्के लिहिले: पहिला बाक ६ खाली, पीळ ४ खाली, दुसरा बाक ६ खाली, दुसरा पीळ सव्वाचार खाली. हलक्या सेन्सरचं वजन बाकातून पाऊण आणि पिळातून सव्वा टक्का खातं. ते वजा केलं तर बाकात पाच आणि पिळात तीन उरतात. गुणोत्तर आता ४.३९, म्हणजे ४.३० च्या वर. सेन्सर हलका झाल्यावर त्याच्यामागे लपलेली चूक पुढे आली होती: पकड. पाच टक्के बाक म्हणजे प्लेटला आपण ३०० नव्हे, साधारण ३०८ मिमी लांब आहोत असं वाटत होतं.

मामांना सांगितलं की पकड ढिली आहे. त्यांना राग आला. "ढिली? चार फुटी पाइप लावून आवळलंय." खरंच आवळलं होतं. बोल्ट दोन, तेही कडांबाहेर, मध्ये पावणेदोनशे मिमीचं अंतर, वर १२ मिमीचा फ्लॅट. बोल्ट जितके आवळावे तितका फ्लॅट धनुष्यासारखा वाकतो आणि मधोमध प्लेट सोडून देतो. मी फट मोजायच्या फिलर गेजची ०.०५ मिमीची पात मधोमध सरकवली. आत गेली. कडेला सरकवली, गेली नाही. मामांनी स्वतः पात सरकवून पाहिली, काही बोलले नाहीत, आणि उठून २५ मिमीचा फ्लॅट शोधायला गेले.

नवी पकड अशी झाली: वर-खाली दोन्हीकडे २५ मिमीचे फ्लॅट, प्लेटकडच्या बाजू सर्फेस ग्राइंड केलेल्या, तोंडाची कड धारदार ठेवलेली (गोल केली तर प्लेट नेमकी कुठून सुटते तेच ठरत नाही), आणि तीन एम१२ बोल्ट प्लेटच्या पकडीतल्या भागातून आरपार. टॉर्क रेंचने आधी २० न्यूटन-मीटर. पहिलं शिखर २५.७५. मग ४०: २६.२५. मग ६०: २६.२५ च. आवळूनही वारंवारता वाढेना, तेव्हा पकड झाली म्हणायची. ही खूण मला कुठल्याही हिशोबापेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण तिला E लागत नाही, जाडी लागत नाही, काहीच लागत नाही.

चारही आकडे: २६.२५, ११२.५, १६३.७५, ३६७. हिशोबाच्या एक ते दीड टक्का खाली. गुणोत्तर ४.२९.

आता रूपं. प्लेटवर खडूने पंधरा बिंदू आखले, लांबीत साठ-साठ मिमीवर पाच ओळी आणि रुंदीत तीन. सेन्सर कोपऱ्यात एकाच जागी, हातोडी फिरती. सेन्सर फिरवला असता तर दर वेळी त्याचं वजन नव्या जागी गेलं असतं आणि शिखरं सरकत राहिली असती. बिंदूमागे पाच चांगले ठोके, एकूण पंचाहत्तर, दोन सुट्ट्यांत. प्रत्येक बिंदूच्या आलेखाचा काल्पनिक भाग त्या त्या शिखरावर वाचायचा. त्याचा आकार म्हणजे तो बिंदू किती हलतो, आणि चिन्ह म्हणजे वर की खाली. पहिल्या शिखरावर पंधराही एकाच चिन्हाचे, टोकाकडे वाढत गेलेले. ११२.५ वर डावी कड अधिक, उजवी उणे, मधली ओळ जवळजवळ शून्य. १६३.७५ वर टोकाची ओळ एका चिन्हाची, २४० मिमीची शून्याला टेकलेली, त्यामागच्या तिन्ही उलट चिन्हाच्या. पहिल्या आलेखातलं १४३ चं ते शिखर खरंच दुसरा बाक होता, हे आता नक्की झालं. तेव्हा मी ते अंदाजाने म्हटलं होतं, आणि बरोबर निघालं म्हणून ते म्हणणं बरोबर ठरत नाही.

एक बाई रोज शेजारच्या गाळ्यासमोर रांगोळी काढतात. त्यांची चिमूटभर रांगोळी मागून मामांनी प्लेटवर टाकली आणि ठोका दिला, रेघा दिसतील म्हणून. क्लाड्नीने १७८७ मध्ये वाळूच्या अशा आकृत्या छापल्या होत्या, हे मीच त्यांना सांगितलं होतं. रांगोळी उडाली आणि सगळीकडे पसरली. क्लाड्नी प्लेटच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढत असे. एकच स्वर बराच वेळ टिकतो तेव्हा वाळू हळूहळू स्थिर रेघेवर जमते. हातोडीच्या ठोक्यात सगळी रूपं एकदम जागी होतात आणि विझूनही जातात.

मॅडमचा शेवटचा प्रश्न उरला होता: तो दीड टक्का कशाचा? मी मेण आणि एका छोट्या नटाचं मिळून बरोबर ४ ग्रॅमचं ओझं केलं आणि पलीकडच्या कोपऱ्यात चिकटवलं. पीळ ११२.५ वरून १११.२५ वर आला. चार ग्रॅमने सव्वा हर्ट्झ खाल्ला, तर सेन्सरच्या चार ग्रॅमनेही तेवढाच खाल्ला असणार. म्हणजे सेन्सर नसलेल्या प्लेटचा पीळ ११३.७५ च्या आसपास, आणि हिशोब ११४.३. वहीत मी 'अर्धा टक्का!' असं उद्गारचिन्हासह लिहिलं. मॅडमनी ते चिन्ह खोडलं. स्टीलचा E मी २०० धरला होता, २१० धरला असता तर सगळे आकडे अडीच टक्के वर गेले असते. म्हणजे अर्धा टक्का जुळला यात माझ्या निवडीचा हात होता. E ला बाजूला ठेवूनही जुळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गुणोत्तर.

पुढच्या सोमवारी मी आणि मामा त्या टॉवेल कारखान्यात गेलो, ब्रॅकेट बघायला. माग चालू होते, बोलणं ऐकू येत नव्हतं. ब्रॅकेट मागाच्या चौकटीला दोन बोल्टांनी बसवलेली होती, एक या टोकाला, एक त्या टोकाला, वर ६ मिमीची पट्टी. मामांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून फिलर गेज काढलं आणि मधोमध पात लावली. ०.०५ ची गेली. ०.१० ची गेली. ०.२० ची पण गेली. मग त्यांनी माझ्या कानाजवळ तोंड आणून ओरडून विचारलं, "ह्याला काय आता तीन बोल्ट?"

ड्रॉइंगवर ते दोन बोल्ट मीच काढले होते.